पी-व्हॅल्यू ०.०४ आली, आता वाक्य कसं लिहायचं?

२४ सप्टेंबर २००९ रोजी बँकॉकमध्ये एका चाचणीचा निकाल जाहीर झाला. एचआयव्हीची लागण रोखणारी लस शोधण्याचे प्रयत्न दोन दशकांहून जास्त काळ चालू होते आणि मोठ्या चाचण्यांतून तोवर निराशाच हाती आली होती. थायलंडच्या चोनबुरी आणि रायोंग या प्रांतांत झालेल्या आरव्ही १४४ या चाचणीत मात्र पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. चाचणीत १६,४०२ स्वयंसेवक होते. निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन. जाहीर झालेल्या विश्लेषणात लस घेतलेल्या ८,१९७ जणांपैकी ५१ जणांना लागण झाली होती, तर प्लासिबो घेतलेल्या ८,१९८ जणांपैकी ७४ जणांना. लागण होण्याचा दर लसीच्या गटात ३१.२ टक्क्यांनी कमी निघाला आणि पी-व्हॅल्यू आली ०.०४.

हा शेवटचा आकडा ऐकला की संख्याशास्त्र नुकतंच शिकू लागलेल्याच्या मनात एक वाक्य आपोआप तयार होतं: ‘म्हणजे लस निरुपयोगी असण्याची शक्यता फक्त ४ टक्के, तेव्हा ती उपयोगी असण्याची शक्यता ९६ टक्के.’ वाक्य सुटसुटीत आहे, पटकन पटतं आणि साफ चुकीचं आहे. प्रबंधांत, बातम्यांत, कधी कधी तर शिकवतानाही ते बेधडक वापरलं जातं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ साली पी-व्हॅल्यूबद्दल एक निवेदन काढलं, त्यातल्या सहा तत्त्वांपैकी दुसरं तत्त्व नेमकं हेच सांगतं: परिकल्पना खरी असण्याची शक्यता पी-व्हॅल्यू मोजत नाही.

मग ती मोजते तरी काय, आणि आपल्या निकालाबद्दल लिहायचं तरी काय? हे थायलंडचेच आकडे घेऊन टप्प्याटप्प्याने पाहू. तुमच्याकडे स्वतःच्या अभ्यासाचे आकडे असतील तर प्रत्येक टप्प्यावर ते शेजारी मांडत चला.

पहिला टप्पा: शून्य परिकल्पना साध्या भाषेत लिहून काढा

शून्य परिकल्पना, म्हणजेच नल हायपॉथेसिस, पुस्तकात चिन्हांत लिहिलेली असते. ती कागदावर संपूर्ण वाक्यात उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आरव्ही १४४ साठी ती अशी आहे: ‘या लसीचा एचआयव्हीच्या लागणीवर काहीही परिणाम होत नाही. ज्यांना लागण झाली त्यांना ती लस घेतली असती काय किंवा प्लासिबो घेतला असता काय, झालीच असती.’

या वाक्यामागे आणखी काही गोष्टी गृहीत आहेत, त्याही लिहा. कोणाला लस आणि कोणाला प्लासिबो हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं निव्वळ योगायोगाने ठरलं. आपल्याला काय मिळालं हे स्वयंसेवकांना कळलं नाही, म्हणून कोणी जास्त बेफिकीर किंवा जास्त सावध झालं नाही. एकाची लागण दुसऱ्याच्या लागणीशी जोडलेली नाही. दोन्ही गटांतली माणसं सारख्याच प्रमाणात चाचणी सोडून गेली.

पी-व्हॅल्यू या सगळ्या गाठोड्याची परीक्षा घेते, एकट्या ‘लस निरुपयोगी’ या वाक्याची नाही. आकडा लहान आला तर गाठोड्यातली कुठलीही गोष्ट बिघडलेली असू शकते. सुघटित चाचणीत बाकीच्या गृहीतकांवर भरवसा ठेवता येतो म्हणूनच आपण लसीकडे बोट दाखवतो. रुग्णालयातल्या जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासात हा भरवसा फारच कमी असतो, आणि तिथे पी-व्हॅल्यू ०.००१ आली तरी आधी गटच वेगळे होते का हे पाहावं लागतं.

दुसरा टप्पा: ते जग बनवून पाहा

आता लस खरोखर निरुपयोगी आहे असं एक जग मनात उभं करा. तिथेही १२५ जणांना लागण झाली आहे (५१ आणि ७४ मिळून १२५). दोन्ही गट जवळपास सारख्याच आकाराचे आहेत, म्हणून लागण झालेला प्रत्येक माणूस लसीच्या गटातला निघणं आणि प्लासिबोच्या गटातला निघणं सारखंच शक्य आहे. म्हणजे हा १२५ वेळा नाणं उडवण्याचा प्रकार झाला. छापा आला तर प्लासिबो, काटा आला तर लस.

सरासरीने ६२ किंवा ६३ छापे यायला हवेत. पण नाणं कधी ५८ छापे देईल, कधी ६७. आपल्याला मिळाले ७४. लस निरुपयोगी असलेल्या जगात सरासरीपासून इतकं किंवा याहून जास्त दूर जाणं कितपत घडतं? हे सूत्राने काढता येतं, पण पहिल्यांदा करताना संगणकावर नाणी उडवून बघावीत, कारण त्यातून अर्थ नीट बसतो. आर या भाषेत तीन ओळी पुरतात:

```r
set.seed(1)
chhapa <- rbinom(100000, size = 125, prob = 0.5)
mean(chhapa >= 74 | chhapa <= 51)
```

दुसऱ्या ओळीत १२५ नाणी उडवण्याचा खेळ एक लाख वेळा खेळला. तिसऱ्या ओळीत त्यांपैकी किती खेळांत ७४ किंवा जास्त, अथवा ५१ किंवा कमी छापे आले याचं प्रमाण काढलं. दोन्ही बाजू मोजल्या, कारण लस उलट अपायकारक ठरली असती तरी आपण त्याची दखल घेतलीच असती. उत्तर ०.०४९ च्या आसपास येतं.

शोधनिबंधात ०.०४ आहे आणि इथे ०.०४९, याने गोंधळून जाऊ नका. त्यांच्या पद्धतीत कोणाला लागण कधी झाली तेही धरलं होतं, आणि नाण्यांच्या नेमक्या मोजणीऐवजी घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्राचा आधार घेतला की आपल्या आकड्यांतूनही ०.०४ च निघतं:

```r
2 * pnorm(-(74 - 62.5) / sqrt(125 * 0.25))
```

आता काय केलं ते पुन्हा पाहा. ‘लस निरुपयोगी आहे’ हे आपण तपासलं नाही, धरून चाललो. एक लाख खेळांपैकी प्रत्येक खेळात ती निरुपयोगीच होती. ०.५ हा आकडा आपण स्वतःच्या हाताने लिहिला. ज्या हिशोबात एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत शंभर टक्के खरी मानली आहे, त्या हिशोबातून ती गोष्ट खरी असण्याची शक्यता ४ टक्के अशी निघूच शकत नाही. नवख्या माणसाने या टप्प्यावर घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. इथे थांबून हे पटलं तर पुढचं सगळं सोपं जातं, आणि न पटता पाठ केलं तर परीक्षेनंतर महिन्याभरात जुनं वाक्य परत येतं.

तिसरा टप्पा: ‘जर’ कुठे आहे ते शोधा

पी-व्हॅल्यूबद्दलच्या कुठल्याही वाक्यात ‘जर’ कुठे बसला आहे ते पाहायची सवय लावा. आपल्या हिशोबाचं वाक्य असं आहे: *जर* लस निरुपयोगी असेल, *तर* इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. मनात आपोआप तयार होणारं वाक्य असं आहे: *जर* इतका फरक दिसला असेल, *तर* लस निरुपयोगी असण्याची शक्यता ४ टक्के. दोन्हींत शब्द जवळपास तेच आहेत, पण जर आणि तर यांची अदलाबदल झाली आहे.

ही अदलाबदल किती महागात पडते हे डॉक्टरांना नव्याने सांगायला नको. डेंग्यू झाला असेल तर ताप येण्याची शक्यता खूप मोठी. पण ताप आला असेल तर डेंग्यू असण्याची शक्यता? ती गावात साथ आहे की नाही, महिना कुठला, तापाची दुसरी कारणं किती, यावर ठरते. पहिला आकडा माहीत असला म्हणून दुसरा मिळत नाही. मधे आणखी माहिती लागते, आणि ती माहिती पी-व्हॅल्यूत नसते.

वाक्यातले ‘किंवा याहून मोठा’ हे शब्दही गाळू नका. आपण फक्त ७४ मोजले नाहीत. ७५, ८०, ९० छापे आलेले खेळही मोजले, जे प्रत्यक्षात घडलेच नव्हते. ‘नेमका हाच निकाल योगायोगाने येण्याची शक्यता ४ टक्के’ असं लिहिलं तर तेही चूक ठरतं. नेमके ७४ येण्याची शक्यता ०.००८६ आहे, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी.

चौथा टप्पा: खरा प्रश्न विचारायचाच असेल तर आणखी काय लागतं ते पाहा

‘ते सगळं ठीक, पण लस निरुपयोगी असण्याची शक्यता मग आहे तरी किती?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. थायलंडच्या आरोग्य अधिकाऱ्यालाही तोच पडला असणार. त्याचं उत्तर काढता येतं, पण पी-व्हॅल्यूखेरीज दोन गोष्टी लागतात: लस उपयोगी असेल तर हेच आकडे दिसण्याची शक्यता किती, आणि चाचणीआधी लस उपयोगी असेल असं मानायला कितपत आधार होता.

पहिली गोष्ट लसीच्या बाजूने जितकी झुकवता येईल तितकी झुकवू. लस नेमकी तेवढीच उपयोगी आहे जेवढी आकड्यांत दिसली, असं धरू. म्हणजे नाणं खोटं आहे आणि त्यावर छापा येण्याची शक्यता १२५ पैकी ७४, म्हणजे ०.५९२ आहे. मग दोन्ही जगांत नेमके ७४ छापे येण्याची शक्यता काढू:

```r
dbinom(74, 125, 0.5)     # 0.0086
dbinom(74, 125, 0.592)   # 0.0725
```

दुसरा आकडा पहिल्याच्या सुमारे ८.४ पट आहे. दिसलेला निकाल उपयोगी लसीच्या जगात निरुपयोगी लसीच्या जगापेक्षा ८.४ पट सहज घडतो. पुराव्याची ताकद एवढीच, आणि याहून जास्त ती होऊ शकत नाही, कारण निकाल पाहून झाल्यावर त्याच्याशी सर्वांत जुळणारं नाणं आपण निवडलं आहे.

आता दुसरी गोष्ट, आधीचा आधार. हा भाग आरव्ही १४४ मध्ये फार वादाचा होता. लसीत दोन घटक होते. त्यांपैकी एड्सव्हॅक्स हा घटक एकटा वापरला असता संरक्षण देत नाही हे २००३ पर्यंतच्या चाचण्यांतून दिसलं होतं, आणि त्यांतली एक चाचणी बँकॉकमध्येच झाली होती. २००४ साली २२ संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात पत्र लिहून ही नवी मोठी चाचणी करण्याला पुरेसा शास्त्रीय आधार नाही अशी हरकत घेतली होती. म्हणजे जाणकारांपैकी अनेकांना लस चालेल असं मुळीच वाटत नव्हतं.

हा अविश्वास आकड्यात मांडू. समजा, आरव्ही १४४ इतपत आधार असलेल्या १०,००० लसी आहेत आणि त्यांपैकी २,००० उपयोगी, ८,००० निरुपयोगी आहेत. प्रत्येकीची अशीच चाचणी केली. निरुपयोगी ८,००० पैकी सुमारे ६९ चाचण्यांत नेमका ७४ विरुद्ध ५१ असा निकाल येईल (८,००० गुणिले ०.००८६). उपयोगी २,००० पैकी सुमारे १४५ चाचण्यांत येईल (२,००० गुणिले ०.०७२५). असा निकाल दाखवणाऱ्या एकूण २१४ लसींपैकी ६९ निरुपयोगी आहेत. म्हणजे ३२ टक्के.

चार टक्के आणि बत्तीस टक्के! एवढा निकाल हाती असतानाही जवळपास तीनात एक लस निरुपयोगी, आणि हा हिशोबसुद्धा लसीच्या बाजूने झुकवलेला.

सुरुवातीचा अंदाज बदलून पाहा. आधी निम्म्या लसी उपयोगी आणि निम्म्या निरुपयोगी धरल्या तर हाच हिशोब सुमारे ११ टक्के देतो. शेकडा पाचच उपयोगी धरल्या तर निरुपयोगी असण्याची शक्यता ६९ टक्क्यांच्या आसपास जाते. पी-व्हॅल्यू या तिन्ही वेळा तीच, ०.०४. एकाच पी-व्हॅल्यूला ११, ३२ आणि ६९ अशी तीन उत्तरं जोडता येत असतील तर ती पी-व्हॅल्यू स्वतः ते उत्तर असू शकत नाही हे उघड आहे.

इथे कोणी म्हणेल, मग आधीचा अंदाज कुठला खरा धरायचा? यावर मतभेद असतात आणि ते प्रामाणिक असतात. म्हणूनच असा हिशोब अहवालात घालायचा असेल तर कुठला अंदाज धरला आणि का, हे उघड लिहावं आणि दोन-तीन वेगवेगळे अंदाज धरून उत्तर किती हलतं ते दाखवावं. असा हिशोब करायचा नसेल तर तेही चालेल. फक्त मग शून्य परिकल्पना खरी असण्याच्या शक्यतेबद्दल एक अक्षरही लिहू नये.

पाचवा टप्पा: कोणाकोणाला मोजलं ते विचारा

सप्टेंबरमध्ये जाहीर झालेली ०.०४ ही या चाचणीतली एकटी पी-व्हॅल्यू नव्हती. ऑक्टोबरमध्ये संपूर्ण निकाल छापून आले तेव्हा तीन विश्लेषणं समोर आली.

पहिल्या विश्लेषणात चाचणीत घेतलेले सगळे १६,४०२ जण होते. त्यात लागण लसीच्या गटात ५६ आणि प्लासिबोच्या गटात ७६, आणि पी-व्हॅल्यू ०.०८. पण या लोकांपैकी सात जणांना पहिलं इंजेक्शन घेतानाच एचआयव्हीची लागण झालेली होती, हे नंतर तपासणीत कळलं. त्यांतले पाच लसीच्या गटात आणि दोन प्लासिबोच्या गटात होते. ते वगळले की ५१ आणि ७४ उरतात आणि ०.०४ येते. तिसऱ्या विश्लेषणात ठरल्याप्रमाणे, वेळेवर सगळी इंजेक्शनं घेतलेल्यांनाच धरलं. माणसं कमी झाली, लागणीही कमी, म्हणजे ३६ आणि ५०. पी-व्हॅल्यू ०.१६.

सात जणांना वगळणं रास्तच होतं, आधीच झालेली लागण कुठलीही लस रोखू शकत नाही. पण चुकीच्या वाक्याचं या ठिकाणी काय होतं ते पाहा. पी-व्हॅल्यू म्हणजे लस निरुपयोगी असण्याची शक्यता असं मानलं, तर १६ हजारांतल्या सात जणांमुळे ती ८ टक्क्यांवरून ४ वर आली आणि शिस्तीने इंजेक्शनं घेतलेल्यांकडे पाहिलं की १६ वर गेली, असं म्हणावं लागेल. लस एकच. तिच्याबद्दलचं सत्यही एकच. तिन्ही विश्लेषणांत लसीच्या गटातला लागणीचा दर साधारण २६ ते ३१ टक्क्यांनी कमी दिसतो, म्हणजे चित्र फारसं बदललेलं नाही. बदलले ते विश्लेषणात धरलेले लागणींचे आकडे, आणि त्याबरोबर ‘निव्वळ नाण्याने असं होऊ शकेल का’ याचं उत्तर.

०.०५ ची रेषा ओढून एका बाजूला ‘लस चालते’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लस चालत नाही’ असं लिहिणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण त्यांना एकाच चाचणीबद्दल दोन्ही लिहावं लागतं.

तुमच्या अभ्यासात यातून करायची गोष्ट अशी: विश्लेषणात कोण असेल आणि कोण नसेल हे आकडे पाहण्याआधी लिहून ठेवा, आणि केलेली सगळी विश्लेषणं छापा. वीस गोष्टी तपासून त्यांतली ०.०४ आलेली एकच सांगितली तर नाण्यांचा हिशोबच लागू पडत नाही, कारण वीस वेळा खेळल्यावर एखाद्या वेळी असं घडणं मुळीच नवलाचं नाही.

सहावा टप्पा: वाक्य लिहा

आता लेखणी हातात घ्या. मी तीन भाग सुचवतो आणि क्रमही हाच ठेवावा असं माझं मत आहे: आधी परिणामाचा आकार, मग अनिश्चितता, आणि शेवटी पी-व्हॅल्यू.

‘लस घेतलेल्या ८,१९७ जणांपैकी ५१ जणांना आणि प्लासिबो घेतलेल्या ८,१९८ जणांपैकी ७४ जणांना लागण झाली. लसीच्या गटात लागणीचा दर ३१.२ टक्क्यांनी कमी आढळला (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल १.१ ते ५२.१). लसीचा काहीच परिणाम नसता आणि चाचणीची बाकी गृहीतकं योग्य असती, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने सुमारे ४ टक्के वेळा दिसला असता (पी = ०.०४).’

वाक्य लांब आहे, हे खरं. पण वाचणाऱ्याला यातून जास्त कळतं. कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणजे या आकड्यांशी फारसे विसंगत नसलेल्या परिणामांचा पट्टा. तो जवळजवळ शून्यापासून निम्म्याहून जास्त संरक्षणापर्यंत पसरलेला आहे हे दिसताच निकाल किती डळमळीत आहे ते ध्यानात येतं. नुसत्या ०.०४ मधून ते कधीच दिसलं नसतं. (या पट्ट्याबाबतही तीच काळजी घ्यावी: खरी किंमत या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के, असं लिहू नये. अशा पद्धतीने पुन्हा पुन्हा पट्टे काढले तर त्यांतले ९५ टक्के खऱ्या किमतीला सामावून घेतील, एवढंच ती पद्धत सांगते.)

लिहून झाल्यावर पुढची वाक्यं आपल्या लिखाणात शोधा आणि खोडा. ‘लस निरुपयोगी असण्याची शक्यता ४ टक्के.’ ‘लस उपयोगी आहे अशी ९६ टक्के खात्री.’ ‘निकाल योगायोगाने आला असण्याची शक्यता ४ टक्के.’ हे तिसरं जरा फसवं आहे. ते पहिल्याहून वेगळं वाटतं, पण निकाल निव्वळ योगायोगाने येणं म्हणजेच शून्य परिकल्पना खरी असणं, तेव्हा वेषांतर करून तीच चूक परत आली आहे. ‘योगायोगाने आला असता’ आणि ‘योगायोगाने आला असण्याची’ यांत एका क्रियापदाचा फरक आहे, आणि सगळा अर्थ त्या फरकात आहे. पी-व्हॅल्यूच्या वाक्यात ‘असतं तर… दिसलं असतं’ ही रचना टिकली पाहिजे. संपादनात वाक्य छोटं करताना हीच रचना सर्वांत आधी कापली जाते, म्हणून छापायला जाण्याआधी एकदा तेवढ्यासाठी पुन्हा वाचा.

पी-व्हॅल्यू मोठी आली तर

उलट दिशेची चूकही तितकीच होते. पी ०.१६ आली म्हणून ‘लसीचा परिणाम नाही हे सिद्ध झालं’ असं लिहिता येत नाही. तिसऱ्या विश्लेषणातला पट्टा उणे १३.३ ते ५१.९ टक्के असा आहे. त्यात लस थोडी अपायकारक असण्याला जागा आहे तशी निम्म्या लागणी रोखण्यालाही आहे. असे आकडे कुठल्याच बाजूने ठामपणे बोलत नाहीत.

याउलट एक उदाहरण पाहा, आणि ते स्वतः सोडवा. थायलंडच्या निकालावरून पुढे जाऊन दक्षिण आफ्रिकेत २०१६ मध्ये एचव्हीटीएन ७०२ ही चाचणी सुरू झाली. लस हुबेहूब तीच नव्हती. तिथे आढळणाऱ्या विषाणूच्या उपप्रकारासाठी ती बदलली होती आणि तिची परिणामकारकता वाढवण्यासाठी घातलेला पूरक घटकही वेगळा होता. फेब्रुवारी २०२० मध्ये चाचणीतली इंजेक्शनं थांबवल्याचं जाहीर झालं, तेव्हाचे आकडे होते लसीच्या गटात १२९ लागणी आणि प्लासिबोच्या गटात १२३. दोन्ही गट जवळपास सारखेच मोठे होते, म्हणून आपलं नाणं इथेही चालतं. एकूण २५२, सरासरी १२६, आणि निकाल त्यापासून फक्त ३ ने दूर:

```r
2 * pnorm(-(129 - 126) / sqrt(252 * 0.25))
```

उत्तर सुमारे ०.७१. आता ‘लस निरुपयोगी असण्याची शक्यता ७१ टक्के’ असं लिहायचा मोह होईल. तो आवरा. लस निरुपयोगी असती तर इतका किंवा याहून मोठा फरक ७१ टक्के वेळा दिसला असता, एवढंच पी-व्हॅल्यू सांगते. म्हणजे असा निकाल निरुपयोगी लसीच्या जगात अगदी सर्वसामान्य आहे. उपयोगी लसीच्या जगात तो कसा आहे याबद्दल ती इथेही गप्प आहे.

ते बोलतो तो पट्टा. याच नाण्याच्या हिशोबाने ढोबळ पट्टा काढला तर लसीच्या गटातली लागण प्लासिबोच्या सुमारे ०.८२ पट ते १.३५ पट या दरम्यान बसते. म्हणजे फार तर १८ टक्के संरक्षण किंवा त्याउलट काहीसा अपाय, इतक्याच शक्यता या आकड्यांशी नीट जुळतात. निम्म्या लागणी रोखणारी लस या पट्ट्याच्या खूप बाहेर राहते. म्हणून या चाचणीबद्दल ‘या लसीने भरीव संरक्षण मिळत नाही’ असं ठामपणे लिहिता येतं, आणि तो ठामपणा २५२ लागणींमुळे अरुंद झालेल्या पट्ट्यातून येतो, ०.७१ या आकड्यातून नाही. मात्र आरव्ही १४४ चा निकाल यामुळे खोटा ठरला असं लिहू नये. लस वेगळी होती, विषाणूचा उपप्रकार वेगळा होता आणि लागणीचं प्रमाणही तिथे थायलंडहून कितीतरी जास्त होतं.